‘ताई, हे समजावून सांगा’ : माती परीक्षणाच्या फोटोवरून शेतातली कामे कशी सांगावीत

मे महिना सरत आला की जिंतूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातून मोबाईलवर फोटो येऊ लागतात. येलदरीच्या अंगाला आंध बांधवांची वाडी-वस्ती आहे. तिथून कोणी तरी घडी पडलेल्या कागदाचा फोटो काढतो आणि खाली एवढेच लिहितो किंवा बोलतो, “ताई, हे समजावून सांगा.” कोणते पीक घ्यायचे, पाणी आहे का, खत घेऊन झाले की घ्यायचे आहे, यातले काहीच त्यात नसते. कागद असतो मृदा आरोग्य पत्रिकेचा. पेरणी पंधरा-वीस दिवसांवर आलेली असते.

गावात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना, वसतिगृहातल्या शिक्षकांना आणि बचत गटाच्या ताईंनाही हे फोटो येतात. म्हणून या अंकाच्या अभ्यासपाठात एकच पत्रिका घेते आणि तिच्यावरून उत्तर कसे बनवायचे ते सविस्तर सांगते. शेतकऱ्याचे नाव आणि गट नंबर झाकले आहेत. आकडे या भागातल्या भारी काळ्या जमिनीत नेहमी दिसतात तसेच आहेत.

आधी त्या तीन शब्दांचा अर्थ लावू. “समजावून सांगा” म्हणणाऱ्याला सामू म्हणजे काय हे शिकायचे नसते. दुकानात गेल्यावर काय मागायचे आणि वावरात काय करायचे, हे त्याला हवे असते. त्यामुळे बारा आकड्यांची बारा व्याख्यानं पाठवली तर तो मान डोलावतो आणि मागच्या वर्षीचेच पोते घेऊन येतो. याच्या उलटही होते. आपण त्याला दहा प्रश्न विचारतो, तो चार दिवस उत्तर देत नाही आणि तोवर पेरणी होऊन जाते. मी मधला मार्ग धरते. पत्रिकेवरून जे नक्की सांगता येते ते त्याच दिवशी सांगते. जे माहीत नाही ते या भागात बहुतेक कसे असते ते धरून चालते आणि ‘मी हे असे धरले आहे’ हे उघड सांगते. मग दोनच प्रश्न विचारते.

पण आकड्यांना हात लावण्याआधी फोटो नीट पाहावा लागतो.

पहिली फसगत टिंबाची असते. जस्त ०.४६ असते, घडीच्या रेघेत टिंब लपते आणि वाचणारा ४६ वाचतो. जस्ताचा आकडा आपल्याकडच्या जमिनीत ४६ असणे शक्य नाही, एवढे ध्यानात असले की चूक लगेच पकडता येते. शंका आली तर अंदाज करू नये, फोटो पुन्हा मागावा. कागद सपाट दगडावर ठेवा, उन्हात न धरता सावलीत उजेडाला धरा, चारही कोपरे दिसू द्या, मागची बाजूही पाठवा, असे सांगितले की बहुतेक वेळा काम होते.

दुसरी गोष्ट एककाची. सरकारी पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश हे ‘किलो प्रति हेक्टर’ असे येतात. खाजगी प्रयोगशाळेच्या कागदावर तेच कधी कधी ‘पीपीएम’ किंवा ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ असे असतात. पीपीएमला साधारण २.२४ ने गुणले की किलो प्रति हेक्टर मिळते. समजा पालाश २३० पीपीएम आहे. तो आकडा तसाच हेक्टरी किलो समजला तर पालाश ‘मध्यम’ निघतो. खरे तर तो ५१५ किलो, म्हणजे भरपूर असतो. एका शब्दाच्या फरकाने माणूस पालाशाचे पोते विनाकारण विकत घेतो. आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर, हेही दर वेळी मनात म्हणावे. पत्रिकेवरचा हेक्टरी खताचा आकडा एकराला टाकला तर खर्च अडीचपट होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. ही माती नेमकी कोणाच्या वावरातली? मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड येथे सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत जमिनीचे चौकोन पाडून नमुने घेतले गेले. बागायतात अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. एवढ्या जागेत आपल्या डोंगरपट्ट्यात पाच-सात जणांची वावरे बसतात. वर मुरमाड उतार असतो आणि खाली ओढ्याकाठी काळी भुई. नमुना खालून उचललेला असेल आणि पत्रिका वरच्या शेतकऱ्याच्या नावावर निघाली असेल तर आकडे खरे असूनही त्याच्या उपयोगाचे नसतात. म्हणून पत्रिकेवरची नमुना घेतल्याची तारीख बघावी आणि “माती तुमच्यासमोर काढली होती का, कोणत्या तुकड्यातून?” हे विचारावे. माझ्या दोन प्रश्नांतला हा पहिला. दुसरा असतो, “या तुकड्यात यंदा काय पेरणार?”

आता ही पत्रिका. सामू ८.२. क्षारता ०.३१. सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के. नत्र हेक्टरी १६८ किलो, स्फुरद ८.६ किलो, पालाश ५१५ किलो. गंधक ८.४, जस्त ०.४६, लोह ३.९, तांबे १.९, मंगल ६.२, बोरॉन ०.६२. हे शेवटचे सहा आकडे मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये आहेत.

यातले निम्मे आकडे शेतकऱ्याला सांगायचेच नाहीत. तांबे ०.२ च्या वर हवे, ते १.९ आहे. मंगल २ च्या वर हवे, ते ६.२ आहे. बोरॉन ०.५ च्या वर हवे, तेही आहे. क्षारता १ च्या आत आहे, म्हणजे जमीन खारवट झालेली नाही. या चारही गोष्टींसाठी एकच वाक्य पुरते : “बाकी सगळे ठीक आहे, त्यासाठी काही विकत घेऊ नका.” हे वाक्य म्हणायला मात्र विसरू नये. दुकानात ‘सर्व सूक्ष्म अन्नद्रव्यांचे’ म्हणून डबे मिळतात आणि पत्रिका हातात असलेला माणूस तो डबा सहज घेतो.

सामू ८.२ पाहून कोणी तरी त्याला जिप्सम टाकायला सांगणारच. त्याचे उत्तर तयार ठेवावे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, म्हणून सामू आठच्या वर असणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे. जिप्समची गरज पडते ती चोपण जमिनीला. तिथे सामू साडेआठच्या वर जातो, जमिनीत सोडियम वाढलेला असतो, पावसानंतर पाणी वर साचून राहते आणि वाळल्यावर कडक पापडी धरते. ८.२ सामू आणि ०.३१ क्षारता यांवरून जमीन चोपण आहे असे म्हणता येत नाही. सामू या जमिनीत बदलायचा नाही, त्याच्यासोबत राहायचे आहे. त्याचे दोन परिणाम मात्र सांभाळावे लागतात. युरिया वर फेकून दिला तर त्यातला नत्र अशा जमिनीत वायू होऊन उडतो, म्हणून तो मातीआड करायचा. दुसरे असे की जस्त आणि लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत. त्याकडे पुढे येऊच.

मग उरते काय? सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी, गंधक थोडा कमी, जस्त कमी, लोह जरा कमी आणि पालाश भरपूर. शेतकऱ्याच्या भाषेत : “शेणखत कमी पडले आहे, स्फुरद आणि जस्त विकत घ्यावे लागेल, पालाशावर पैसे घालवू नका.”

पीक कळलेले नाही. पण मे महिना, जिंतूरचा पट्टा आणि कोरडवाहू शेत म्हटल्यावर मी सोयाबीन धरते, आणि मी सोयाबीन धरले आहे हे त्याला सांगते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. अडीचने भागले की एकरी १२, २४, १२ आणि ८ किलो होतात. पत्रिकेत एखादे द्रव्य कमी असेल तर शिफारशीत पाव हिस्सा वाढवायचा आणि जास्त असेल तर पाव हिस्सा कमी करायचा, ही नेहमीची सोपी रीत आहे. काही प्रयोगशाळा सहा पायऱ्यांचा तक्ता वापरतात आणि ‘अत्यंत जास्त’ असेल तर निम्म्यावर आणतात. पत्रिकेवर त्यांचा शेरा छापलेला असेल तर तोच धरावा. आपण पाव हिश्श्याने चालू. स्फुरद २४ चा ३० होतो, पालाश १२ चा ९ होतो, नत्र १२ चा १५ होतो.

पण दुकानात किलोने स्फुरद मिळत नाही, पोते मिळते. म्हणून हिशेब पोत्यात न्यावा लागतो.

डीएपीचे पोते ५० किलोचे असते. त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात ८ किलो स्फुरद आणि साधारण साडेपाच किलो गंधक असते. दोन्ही एकेक पोते घेतले की स्फुरद ३१ किलो होतो, म्हणजे आपल्याला हवा तेवढाच. गंधक साडेपाच किलो होतो. पुढे जस्तासाठी जे झिंक सल्फेट टाकायचे त्यातूनही किलोभर गंधक मिळतो, म्हणजे आठाच्या जवळ पोचलो. पालाशाचे ९ किलो म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशचे फक्त १५ किलो. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून एक पोते घेतले तरी पुरते.

आता हे त्याच्या सवयीशी ताडून पाहू. या भागात अनेक जण सोयाबीनला १०:२६:२६ टाकतात. एकरी दोन पोती टाकली तर स्फुरद २६ किलो जातो आणि पालाशही २६ किलो जातो. त्याच्या जमिनीला लागतो ९ किलो. म्हणजे पोत्यातला बराच पालाश आधीच भरलेल्या कोठीत ओतल्यासारखा होतो, आणि गंधक मात्र एक किलोही मिळत नाही. माझ्या मते या पत्रिकेतली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. काहीही नवीन न शिकता, फक्त पोते बदलून तो हे करू शकतो.

पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून दुसरा मार्ग त्याच निरोपात सांगून ठेवावा, नाहीतर दुकानदार देईल ते घेऊन तो परत येतो. डीएपी नसेल तर सगळा स्फुरद सुपर फॉस्फेटमधून द्यायचा. ३० किलो स्फुरदासाठी जवळजवळ १८७ किलो, म्हणजे पावणेचार पोती लागतात. गाडीभाडे वाढते, पण गंधकाची काळजी मिटते. मात्र सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नसतो, म्हणून पेरताना युरिया ३० ते ३२ किलो द्यावा लागतो. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते, तेव्हा ‘अर्धे पोते’ न म्हणता किलो किंवा घमेली मोजून सांगावे.

नत्राकडे जरा थांबून पाहू, कारण इथे पत्रिका खरे सांगूनही वाट चुकवते. नत्र १६८ म्हणजे कमी, हे बरोबर. ते वाचून शेतकरी म्हणतो, “मग युरिया वाढवू का?” कापूस किंवा ज्वारी असती तर हो म्हटले असते. पण सोयाबीन आपला बहुतेक नत्र मुळांवरच्या गाठींतून हवेतला घेते. सुरुवातीलाच युरिया जास्त पडला तर झाड आयते खाते, गाठी कमी धरतात, पाला माजतो आणि शेंगा त्या मानाने लागत नाहीत. म्हणून एकरी १२ ते १५ किलोच्या पुढे जायचे नाही. डीएपीच्या पोत्यातून ९ किलो येतो. उरलेल्या ६ किलोसाठी १३ किलो युरिया पेरताना द्यावा. चांगले कुजलेले शेणखत दिले असेल तर मी तोही टाळायला सांगते.

खरा भर बीजप्रक्रियेवर द्यावा. एकराला साधारण ३० किलो बियाणे लागते. दहा किलोला २५० ग्रॅमचे रायझोबियमचे एक पाकीट, म्हणजे तीन पाकिटे. पाकिटावर ‘सोयाबीनसाठी’ असे लिहिलेले पाहून घ्यावे. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. उन्हात वाळवले किंवा पाकीट पत्र्याखाली तापले तर आतले जिवाणू मरतात, मग ते लावून उपयोग नाही.

हे लागले की नाही ते शेतकरी स्वतः पाहू शकतो. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसकट उचलावीत, हाताने उपटू नयेत, नाहीतर गाठी मातीतच राहतात. पाण्यात मुळे धुऊन गाठ नखाने कापावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर करत नाही. गाठीच नसतील आणि पीक फिकट असेल, तेव्हाच थोडा युरिया मातीआड देण्याचा विचार करावा.

जस्ताचा उपाय एकरी १० किलो झिंक सल्फेट. ते दोन-तीन वर्षांतून एकदाच द्यायचे असते, दर हंगामाला नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सगळी खते एकाच ताडपत्रीवर ओतून फावड्याने एकत्र करणे. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोन्ही कमी मिळतात. म्हणून झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी वखराच्या शेवटच्या पाळीला जमिनीत द्यायचे. डीएपी आणि सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळी, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडेल असे द्यायचे. खत आणि बी एकाच नळीतून सोडले तर बी जळते आणि रायझोबियमही मरते.

लोहाचे तसे नाही. ४.५ च्या वर हवे, ते ३.९ आहे, म्हणजे काठावर आहे. चुनखडीच्या जमिनीत हिराकस मातीत टाकला तर तो थोड्या दिवसांत बांधला जातो. म्हणून आधीच काही घ्यायचे नाही, पीक पाहायचे. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसले तर ती लोहाची खूण. नत्र कमी असेल तर उलट, खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. हा फरक फोटोतही दिसतो, म्हणून “पाने पिवळी पडली” असा निरोप आला की “वरची की खालची?” हे आधी विचारावे. सततच्या पावसात भारी जमीन चिबडली की लोहाचे हे पिवळेपण हमखास येते, आणि पाणी निघून वापसा झाला की बरेचदा आपोआप जाते. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. आठवडाभरात हिरवेपणा आला नाही तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे.

शेणखत एकरी दोन टन, म्हणजे चार-पाच बैलगाड्या. सगळ्या वावराला पुरत नसेल तर थोडे थोडे सगळीकडे उधळण्यापेक्षा एक तुकडा पुरा करावा आणि पुढच्या वर्षी दुसरा. सोयाबीनचे भुस्कट गुरांना घालून उरलेले जाळू नये, उकिरड्यात घालावे. सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढत नाही, एवढेच बोलून मी पुढे जाते.

हे सगळे मला समजले म्हणून सगळे सांगायचे नसते. वाचता न येणाऱ्या माणसालाही ऐकता यावा म्हणून मी आवाजी निरोप पाठवते, दीड-दोन मिनिटांचा, कामांच्या क्रमाने. या पत्रिकेचा निरोप असा होता :

“राम राम भाऊ. तुमची पत्रिका पाहिली. जमीन चांगली आहे, खारवट नाही. जिप्सम घेऊ नका. स्फुरद आणि जस्त कमी आहे, पालाश भरपूर आहे. तुम्ही सोयाबीन पेरणार असे धरून सांगते, आणि सगळे एका एकराचे आहे. आधीचे काम : चार-पाच गाड्या शेणखतात दहा किलो झिंक सल्फेट मिसळा आणि शेवटच्या पाळीला टाका. दुकानात मागायचे : डीएपी एक पोते, सुपर फॉस्फेट एक पोते, पोटॅश पंधरा किलो. १०:२६:२६ घेऊ नका. डीएपी मिळाले नाही तर मला फोन करा, दुसरे सांगते. पेरताना : खत बियाण्याच्या खाली पडू द्या, बियाण्यात मिसळू नका. तीस किलो बियाण्याला सोयाबीनच्या रायझोबियमची तीन पाकिटे लावा आणि सावलीत सुकवा. वरून युरिया फेकू नका. आता मला दोन गोष्टी सांगा. ही माती कोणत्या तुकड्यातली आहे? आणि तिथे यंदा काय पेरणार?”

यात सामू, कर्ब, मिलिग्रॅम असा एकही शब्द नाही. पिवळ्या पानांचे आणि गाठींचेही नाही, कारण ते जुलैचे काम आहे. तो निरोप जुलैत वेगळा जातो. जूनमध्ये सांगितलेले जुलैत कोणाला आठवत नाही.

एक सूचना मध्येच देते. पत्रिकेवर शेतकऱ्याचे नाव, मोबाईल नंबर आणि गट नंबर असतो. दुसऱ्या कार्यकर्त्याला विचारायला किंवा गावाच्या गटात दाखवायला फोटो पुढे पाठवताना तो भाग बोटाने झाकून पुन्हा फोटो काढावा.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. माती खालच्या तीन एकरांतली होती, त्याच्यासमोर काढलेली. तिथे सोयाबीनमध्ये तूर घेणार होता. वर दोन एकर मुरमाड उतार होता आणि त्यात कापूस लावायचा विचार होता. खालच्या तुकड्याला माझे उत्तर जवळपास तसेच लागू पडले. तुरीच्या ओळींसाठी वेगळे खत काढले नाही. तूरही आपला नत्र गाठींतून घेते, पण तुरीच्या बियाण्याला तुरीचेच रायझोबियम लागते, एवढे वाढवून सांगितले. तीन एकरांचे गणित करून दिले : डीएपी तीन पोती, सुपर फॉस्फेट तीन पोती, पोटॅश ४५ किलो म्हणजे जवळपास एक पोते, झिंक सल्फेट ३० किलो.

वरच्या मुरमाड तुकड्यासाठी मात्र ही पत्रिका वापरायची नाही, असे स्पष्ट सांगितले. तिथे मातीचा थर उथळ असतो, पालाश एवढा असेलच असे नाही, आणि कापसाला नत्र हप्त्यांनी द्यावा लागतो. त्या तुकड्याची माती आताही काढता येते, पण खत टाकण्याआधीच. तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा घ्यायच्या. बांध, झाडाची सावली आणि जुना उकिरडा टाळायचा. वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूचा वरून खालपर्यंत सारखा काप घ्यायचा. सगळी माती गोणपाटावर मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत करायचे. जस्त-लोह तपासायचे असल्याने गंजलेले घमेले किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरायची नाही, प्लॅस्टिकचे टोपले बरे. खताच्या रिकाम्या पोत्यात तर माती कधीच भरू नये. सावलीत सुकवून स्वच्छ कापडी पिशवीत भरायची आणि आत चिठ्ठी टाकायची : नाव, गट नंबर, ‘वरचा मुरमाड तुकडा’, तारीख, मागचे पीक आणि पुढचे पीक.

चिठ्ठीवर पुढचे पीक लिहिले असले की प्रयोगशाळेकडून त्या पिकाचीच शिफारस छापून येऊ शकते. पेरणीआधी अहवाल आला नाही तर त्या दोन एकरांना विद्यापीठाची कोरडवाहू कापसाची नेहमीची शिफारस, काही न वाढवता आणि काही न कमी करता, द्यायचे आमचे ठरले आहे.